बक्षिसाच्या वेषातली सुटका

एक प्रश्न बघा. एका गोदामातला सुपरवायझर जाहीर करतो, की आठवडाभरात ज्याच्या हातून एकही खोकं स्कॅन न होता पुढे गेलं नाही, त्याला शनिवार संध्याकाळच्या झाडलोटीतून सूट मिळेल. महिन्याभरात स्कॅनिंग लक्षणीय सुधारतं. सुपरवायझरनं इथे काय वापरलं? पर्याय चार: धन प्रबलन, ऋण प्रबलन, शिक्षा, विलोपन.

एमबीएच्या वर्गात हा प्रश्न टाकला की बरेच हात पहिल्या पर्यायावर वर जातात. बक्षीस मिळालं, कामगार खूश झाले, काम वाढलं, मग धन प्रबलनच असणार. उत्तर आहे ऋण प्रबलन. कामगाराच्या पदरात नवीन काहीच पडलेलं नाही. त्याच्या डोक्यावरचं एक नकोसं काम तेवढं गेलं आणि ते गेल्यामुळे स्कॅनिंग वाढलं. प्रश्न काढणाऱ्यानं फक्त सुटकेला बक्षिसाचे कपडे घातले.

‘संघटनात्मक वर्तन’ हा विषय एमबीए, बीएमएस आणि यूजीसी-नेटच्या अभ्यासक्रमात असतो, आणि या चार कल्पना त्यात हमखास येतात. पुस्तकात त्या अर्ध्या पानात संपतात. व्याख्या सगळ्यांनाच पाठ असतात आणि प्रसंग समोर आला की भलेभले घसरतात. त्याचं कारण असं, की प्रश्न काढणारा व्याख्येला हात लावत नाही, तो प्रसंगाची मांडणी बदलतो. ती कुठे आणि कशी बदलतो हे कळलं, की परीक्षेपलीकडे आपल्या ऑफिसात रोज काय चाललंय तेही जरा वेगळं दिसू लागतं.

कल्पना मुळात बी. एफ. स्किनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या. पेटीत उंदीर, भिंतीला एक दांडी, दांडी दाबली की खाण्याची गोळी. गोळी मिळते म्हणून दाबणं वाढलं, तर ते धन प्रबलन. पेटीच्या जाळीतून विजेचा सौम्य झटका चालू आहे आणि दांडी दाबली की तो बंद होतो, म्हणून दाबणं वाढलं, तर ते ऋण प्रबलन. धन म्हणजे काहीतरी आलं, ऋण म्हणजे काहीतरी गेलं. गणितातल्या अधिक-उण्यासारखं, चांगलं-वाईट असा अर्थ त्यात नाही. आणि प्रबलन म्हटलं की वर्तन वाढलंच पाहिजे. वर्तन घटलं तर ती शिक्षा, आणि शिक्षेतही तोच अधिक-उण्याचा भेद: ओरडा मिळाला म्हणून घटलं तर धन शिक्षा, भत्ता गेला म्हणून घटलं तर ऋण शिक्षा.

या गोंधळात विद्यार्थ्यांना एकटं वाटायचं कारण नाही. खुद्द स्किनरनं 1938 सालच्या आपल्या पहिल्या मोठ्या पुस्तकात, ‘द बिहेवियर ऑफ ऑर्गॅनिझम्स’मध्ये, ‘निगेटिव्ह रिइन्फोर्समेंट’ हा शब्द आज आपण ज्याला शिक्षा म्हणतो त्यासाठी वापरला होता. आजचा अर्थ त्यानं 1953च्या ‘सायन्स अँड ह्यूमन बिहेवियर’मध्ये पक्का केला. म्हणजे कल्पना मांडणाऱ्यालाही हे दोन डबे नीट वेगळे करायला दीड दशक लागलं.

आता एक सलग प्रसंग घेऊ. तो मी रचलेला आहे, पण परीक्षेत येणारे प्रसंग याच थाटाचे असतात. भिवंडीच्या बाजूला असतात तसलं एक मोठं गोदाम. पॅकिंगच्या टेबलावर खोकं तयार झालं की बारकोड स्कॅन करायचा आणि मगच ते पट्ट्यावर ठेवायचं, असा नियम. सणासुदीच्या गर्दीत नवे पॅकर स्कॅन न करताच खोकी पुढे ढकलतात, कारण त्यात वेळ वाचतो. सुपरवायझर आधी झाडलोटीच्या सुटीची युक्ती करतो. ती आपण पाहिली. पुढे तो दुसरा नियम करतो: न स्कॅन केलेलं खोकं सापडलं, की त्या पॅकरचा त्या दिवसाचा उपस्थिती भत्ता कापायचा. अशी खोकी कमी होतात. तिसरी गोष्ट सकाळच्या मीटिंगची. एक जुना पॅकर तिथे सूचना चालू असताना मधेच विनोद करतो आणि सगळे हसतात. सुपरवायझर सर्वांना विश्वासात घेऊन सांगतो, की यापुढे कुणी हसायचं नाही. पहिल्या आठवड्यात त्याचे विनोद वाढतात, जरा चावटही होतात. महिन्याभरात थांबतात. चौथी गोष्ट: टेबलांवर गोंगाट वाढला की सुपरवायझर जोरात ओरडतो. क्षणात शांतता होते, दहा मिनिटांत पुन्हा कलकलाट सुरू होतो. वर्षअखेरीस सुपरवायझर पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त वेळा ओरडताना दिसतो.

भत्त्यापासून सुरू करू, कारण सगळ्यात जास्त गुण तिथे जातात. ‘आधी मिळत होतं ते मिळेनासं झालं आणि वर्तन घटलं’ एवढं वाचून विद्यार्थी विलोपनावर खूण करतो. विलोपन म्हणजेही मिळणारी गोष्ट थांबणंच ना? हो, पण कोणती गोष्ट, हा इथला प्रश्न आहे. विलोपनात जे थांबतं ते त्याच वर्तनाचं फळ असावं लागतं. भत्ता हे स्कॅन चुकवण्याचं फळ नव्हतं, तो हजर राहिल्याचा होता. स्कॅन चुकवण्याचं फळ होतं वाचलेला वेळ, आणि तो अजूनही वाचतोच आहे. म्हणून भत्ता कापणं ही ऋण शिक्षा: दुसऱ्याच कारणानं मिळालेली हवीशी वस्तू, नको त्या वर्तनापायी काढून घेतली.

याच ठिकाणी विलोपन करायचं असतं तर काय केलं असतं? वाचणारा वेळच वाचू द्यायचा नाही. पट्ट्याच्या तोंडाशी असा सेन्सर बसवायचा, की स्कॅन न झालेलं खोकं आलं की पट्टा हलणारच नाही. मग स्कॅन चुकवून हाती काहीच लागत नाही, आणि हाती काही लागेनासं झालं की ती सवय हळूहळू विरते. अर्थात थांबलेला पट्टा पाहून शेजारचे चारजण त्याच्याकडे डोळे वटारून बघणार, म्हणजे थोडी शिक्षाही आपसूक मिसळणार. प्रत्यक्षात या गोष्टी अशा गुंतलेल्याच असतात. परीक्षेत मात्र सेन्सर दिसला आणि डोळे वटारणारे दिसले नाहीत, तर उत्तर विलोपन.

अवांतर, पण याच मुद्द्याचं. यूपीएससीच्या पूर्वपरीक्षेत चुकलेल्या उत्तराला त्या प्रश्नाचे एक तृतीयांश गुण कापतात आणि त्या धाकानं अंदाजपंचे खुणा कमी होतात. बरोबर उत्तरांनी कमावलेले गुण चुकीच्या खुणेपायी जातात, म्हणजे तीही ऋण शिक्षाच. ‘निगेटिव्ह मार्किंग’ या नावातला ‘निगेटिव्ह’ पाहून त्याला निगेटिव्ह रिइन्फोर्समेंट म्हणणारे उमेदवार मी पाहिले आहेत.

विनोदी पॅकरची गोष्ट विलोपनाचा शुद्ध नमुना आहे. विनोदाचं फळ हशा. हशा बंद झाला, विनोद संपले. पण प्रश्न काढणारा मध्ये एक खड्डा खणून ठेवतो: ‘पहिल्या आठवड्यात विनोद वाढले.’ वाढले हा शब्द दिसला की घाईत वाचणारा प्रबलनाकडे वळतो. वास्तविक ही तात्पुरती उसळी विलोपनाचीच खूण आहे. नेहमी मिळणारं मिळेनासं झालं की माणूस आधी जास्त जोर लावतो, वेगळ्या तऱ्हा करून बघतो, आणि मग सोडून देतो.

विलोपनाचा स्किनरचा पहिला आलेख अपघातानंच हाती आला. उंदीर दांडी दाबत असताना गोळ्या सोडणारं यंत्र अडकलं. उंदीर दाबतच राहिला, आणि हळूहळू त्याचा वेग मंदावत गेल्याची सुरेख वक्ररेषा कागदावर उमटली. दिवस शुक्रवारचा, प्रयोगशाळेत सांगायला कुणी नाही. स्किनरनं आत्मचरित्रात लिहिलंय, की तो शनिवार-रविवार तो रस्ते फार जपून ओलांडत होता. आपण मेलो तर हा शोध आपल्याबरोबर जाईल अशी धास्ती!

ऑफिसात विलोपन फसतं ते बहुतेक वेळा ही उसळी न झेपल्यामुळे. आठवडाभर न हसलेली मंडळी आठव्या दिवशी एका जबरदस्त कोटीला फिसकन हसतात. झालं. आता पॅकरला कळलं, की नेटानं वीस विनोद केले की एकविसाव्याला हशा येतो. अधूनमधून मिळणाऱ्या फळावर पोसलेलं वर्तन दर वेळी फळ मिळणाऱ्या वर्तनापेक्षा चिवट असतं, हे स्किनर आणि त्याचा सहकारी फर्स्टर यांनी पुढे विस्तारानं दाखवलं. प्रसंगात ‘सुपरवायझर क्वचित हसत असे’ असं अर्धं वाक्य दिसलं तर ते शोभेचं नसतं. विनोद थांबायला इतका वेळ का लागला, याचं उत्तर त्यात असतं.

‘दुर्लक्ष केलं’ एवढ्यावरही विलोपन ठरत नाही. समजा सुपरवायझर एकटाच हसला नाही आणि बाकीचे खिदळतच राहिले. हशा सहकाऱ्यांकडून मिळत होता, तर साहेबाच्या दुर्लक्षानं काय बिघडतं? काही नाही. याच्या अगदी उलट आणखी एक प्रसंग प्रश्नपत्रिकांत येतो. नवी मुलगी मीटिंगमध्ये कामाच्या चांगल्या सूचना मांडते. सुरुवातीला साहेब मान डोलावतात, टिपून घेतात. नंतर कामाच्या रगाड्यात तिच्याकडे बघतही नाहीत. तीन महिन्यांत ती बोलायची थांबते. उत्तर विलोपन. पण विद्यार्थी अडखळतो, कारण विलोपन हा वाईट सवयी घालवायचा उपाय आहे असं त्याच्या मनात पक्कं बसलेलं असतं. विलोपनाला चांगलं-वाईट कळत नाही. फळ थांबलं की वर्तन थांबतं, मग ते विनोद असोत की सूचना. साहेबांचा तसा हेतू नव्हता, यानंही उत्तर बदलत नाही. कंपन्यांमध्ये चांगलं वर्तन सर्वाधिक मारलं जातं ते अशा विनाहेतूच्या विलोपनानं, असं माझं मत आहे. शिक्षेचा नंबर त्यानंतरचा.

आता सुपरवायझरच्या ओरडण्याकडे येऊ. प्रश्न असा येतो: ‘वरील प्रसंगात ओरडणं हे कशाचं उदाहरण आहे?’ बहुतेकजण लिहितात शिक्षा. जरा थांबून बघा. पॅकरांचा गोंगाट घटला का? दहा मिनिटांपुरता दबला, पुन्हा तेवढाच झाला. वर्षाच्या हिशेबात तो घटल्याचं प्रसंगात कुठेच नाही. म्हणजे त्यांच्या बाजूनं शिक्षा लागू पडल्याचा पुरावा नाही. मात्र एक वर्तन वाढल्याचं प्रसंगात स्पष्ट लिहिलंय: खुद्द सुपरवायझरचं ओरडणं. ते का वाढलं? दर वेळी ओरडल्यावर क्षणात गोंगाट बंद होतो. नकोशी गोष्ट गेली, वर्तन वाढलं. ऋण प्रबलन, आणि ते घडलं शिक्षा करणाऱ्यावरच. कामगारांना धडा शिकवायला निघालेला माणूस स्वतःच धडा शिकला: ओरडलं की बरं वाटतं.

मला हा सगळ्या विषयातला सर्वात मोलाचा प्रश्न वाटतो, आणि म्हणूनच मी तो वारंवार काढतो. रागावणारे साहेब इतके जास्त आणि त्यांचा राग इतका निरुपयोगी का असतो, याचं एक चोख उत्तर त्यात आहे. रागावण्याचं फळ रागावणाऱ्याला लगेच मिळतं. त्याचं नुकसान महिन्यांनी दिसतं, आणि तेही दुसऱ्या कुणाच्या तरी राजीनाम्यात. शिक्षेचा परिणाम किती टिकतो, हे स्किनरनं 1938च्या त्या पुस्तकातच पाहिलं होतं. उंदरांच्या दांडी दाबण्याचं विलोपन चालू असताना काहींना सुरुवातीला दांडी दाबली की पंजावर फटका बसत असे. त्यांचं दाबणं झपाट्यानं घटलं. फटके थांबल्यावर मात्र ते हळूहळू परतलं, आणि शेवटी एकूण दाबणं फटके न खाल्लेल्या उंदरांइतकंच भरलं. फटक्यानं सवय फक्त दबली होती. विजेच्या तीव्र झटक्यांवर झालेल्या पुढच्या प्रयोगांत काही वेळा जास्त टिकाऊ परिणाम दिसले, तेव्हा ‘शिक्षा कधीच चालत नाही’ असं सरसकट विधानही उत्तरात लिहू नये.

थोडक्यात, प्रसंगात एकाहून जास्त माणसं असली की आधी ठरवायचं, प्रश्न कोणाच्या वर्तनाबद्दल आहे. मग त्याच माणसाचं ते वर्तन पुढे वाढलं की घटलं, हे कागदावरच्या शब्दांत शोधायचं. आलं काय आणि गेलं काय, हे त्यानंतर. बहुतेक विद्यार्थी नेमके उलट्या क्रमानं जातात: मेमो दिसला, शिक्षा, शाबासकी दिसली, प्रबलन.

शाबासकी, मेमो, दंड ही नुसती साधनं आहेत. त्यांना नाव मिळतं ते परिणामावरून, आणि याचा सर्वात नामी पुरावा कुठल्या कारखान्यातला नाही, इस्रायलमधल्या हैफा शहराच्या पाळणाघरांतला आहे. उरी ग्नीझी आणि आल्दो रुस्तिचिनी या अर्थतज्ज्ञांनी तो 2000 साली प्रसिद्ध केला. दहा पाळणाघरं, वीस आठवड्यांची पाहणी. पालक मुलांना न्यायला उशिरा येत आणि शिक्षिकांना थांबावं लागे. काही आठवडे नुसती नोंद ठेवल्यावर सहा पाळणाघरांत नियम आला: दहा मिनिटांहून जास्त उशीर झाला तर दहा शेकेल दंड. उशिरा येणारे कमी व्हायला हवे होते. ते वाढले, आणि पुढे जवळपास दुप्पट झाले. शेवटच्या आठवड्यांत दंड उठवला, तरी उशीर पहिल्या पातळीवर उतरला नाही. लेखकांचं म्हणणं असं, की दंडाची पालकांनी किंमत केली. आधी उशीर झाला की अपराधी वाटायचं. आता दहा शेकेल भरले की जादा वेळ विकत घेतला, हिशेब मिटला.

स्किनरच्या व्याख्येनं बघितलं तर हा दंड शिक्षा नव्हताच, कारण वर्तन घटलं नाही. नाव दंड, वसुली दंडाची, हेतू शिक्षेचा, आणि तरीही शिक्षा नाही. परीक्षेत ही युक्ती साध्या रूपात येते: ‘उशिरा येणाऱ्यांना व्यवस्थापकानं सर्वांसमोर झापलं. पुढच्या महिन्यात उशिरा येणाऱ्यांची संख्या वाढली.’ कारण काहीही असेल. झापून घेणारा मित्रमंडळींत हीरो झाला असेल. उत्तर शिक्षा नाही. वाढलेलं वर्तन म्हणजे काहीतरी प्रबलन चालू आहे, एवढं नक्की.

दिशाच लिहिलेली नसेल तर? ‘व्यवस्थापकानं उशिरा येणाऱ्यांना मेमो दिला’, इथेच वाक्य संपलं. मग प्रश्न काढणाऱ्याच्या मनातला अपेक्षित परिणाम धरावा लागतो, आणि अशा प्रश्नाचं उत्तर बहुधा शिक्षा हेच असतं. असा प्रश्न काढू नये असं माझं मत. पण तो निघतो. मेमोचा आणखी एक खरोखर नाजूक प्रकार आहे. ‘मेमो मिळाल्यापासून त्याचं उशिरा येणं कमी झालं’ आणि ‘मेमो मिळू नये म्हणून तो वेळेवर येऊ लागला’, या दोन वाक्यांत घडलेली घटना एकच. पहिल्यात उशिरा येणं घटलं म्हणून शिक्षा, दुसऱ्यात वेळेवर येणं वाढलं म्हणून ऋण प्रबलन. गाडीत पट्टा लावेपर्यंत वाजत राहणारी पिपाणी आठवा: पट्टा लावणं वाढलं असं म्हटलं तर ते ऋण प्रबलन, पट्टा न लावता बसणं घटलं असं म्हटलं तर ती शिक्षा. यावर अभ्यासकांतही एकमत नाही. जॅक मायकल या वर्तनशास्त्रज्ञानं 1975 साली एक लेख लिहून धन-ऋण हा भेदच सोडून द्यावा असं सुचवलं होतं, कारण काहीतरी आलं की त्या जागचं दुसरं काहीतरी गेलेलंच असतं. त्याचं ऐकलं असतं तर निम्मे प्रश्न काढता आले नसते. ते ऐकलं गेलं नाही, तेव्हा परीक्षार्थीनं वाक्याच्या शेवटी कोणतं वर्तन ठेवलंय ते धरून उत्तर द्यावं. ‘म्हणून’, ‘टाळण्यासाठी’, ‘सुटका व्हावी यासाठी’ असे शब्द आले तर बहुधा ऋण प्रबलन.

धन प्रबलन यात सर्वात सोपं, म्हणून मी त्यावर वेळ घालवला नाही. पण त्याच्या नावावर जमा होणाऱ्या यशांकडे जरा संशयानं बघावं. अमेरिकेतल्या एमरी एअर फ्रेट या मालवाहतूक कंपनीचं उदाहरण पुस्तकांत नेहमी दिलं जातं. छोटी पार्सलं मोठ्या कंटेनरात एकत्र भरली की खर्च वाचतो, आणि आपण सुमारे 90 टक्के वेळा तसं करतो अशी कामगारांची समजूत होती. मोजून पाहिलं तर प्रत्यक्षात सुमारे 45 टक्के. मग कंपनीनं कामगारांनाच रोज नोंद ठेवायला लावली आणि सुधारणा दिसली की वरिष्ठांनी शाबासकी द्यायची असं ठरवलं. कंटेनरचा वापर 95 टक्क्यांपर्यंत गेला. हे 1970च्या दशकाच्या सुरुवातीचं. पुस्तकं याला धन प्रबलन म्हणतात. एडविन लॉक या अभ्यासकानं 1977 साली आक्षेप घेतला, की इथे शाबासकीपेक्षा स्वतःच्या कामाचे आकडे कळणं आणि त्यावरून ध्येय ठरणं जास्त कामी आलं असावं. माणूस उंदरासारखा फळाची वाट बघत बसत नाही, तो विचार करून वागणं बदलतो. मला लॉकचा आक्षेप पटतो. आपण 90 नाही, 45 आहोत, हे कळल्यावरच बरेचजण चपापले असतील, शाबासकी मिळण्याच्या आधीच. कोणता वाटा कशाचा, हे एमरीच्या आकड्यांवरून वेगळं काढता येत नाही, कारण नोंद आणि शाबासकी दोन्ही एकदमच सुरू झाल्या.

शेवटी एक व्यावहारिक अडचण सांगतो, कारण तिच्यामुळे बरोबर उत्तर येणाऱ्यांचेही गुण जातात. मानसशास्त्राची पुस्तकं शिक्षेचे धन आणि ऋण असे दोन प्रकार करतात, आणि विलोपन त्याहून वेगळं ठेवतात. व्यवस्थापनाच्या काही पुस्तकांत मात्र चारच घरांचा तक्ता असतो, आणि त्यात ‘हवीशी गोष्ट रोखणं’ या घरात विलोपन बसवलेलं असतं. त्या तक्त्यानुसार भत्ता कापणं विलोपनात जातं, मानसशास्त्रानुसार ते चूक. काही पुस्तकं ऋण प्रबलनाला ‘टाळणं’ असंही नाव देतात. पर्यायी प्रश्नात ‘ऋण शिक्षा’ हा पर्याय दिलेला असेल तर प्रश्न काढणारा मानसशास्त्राच्या वाटेनं चाललाय असं समजा. तो नसेल आणि शिक्षा व विलोपन दोन्ही असतील, तर कापलेली गोष्ट त्याच वर्तनातून मिळत होती का, एवढंच विचारा. नसेल तर शिक्षेवर खूण करा. यूजीसी-नेटमध्ये चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा असा प्रश्न कोरा सोडू नका. आणि लेखी परीक्षेत उत्तराच्या पहिल्याच ओळीत लिहा, की ‘ज्या फळावर हे वर्तन टिकून होतं ते फळ थांबणं म्हणजे विलोपन, ही व्याख्या धरून’, मग पुढचं उत्तर. व्याख्या समोर असली की वेगळ्या पुस्तकातून शिकवणाऱ्या परीक्षकालाही गुण देणं सोपं जातं.